लांबलं की अडलं? : प्रसूतीची गती, आलेखावरच्या दोन रेषा आणि मेळघाटचा रस्ता

बाळंतपणाला वेळ लागू लागला की आपल्याकडे दोन क्रियापदे वापरली जातात. एक ‘लांबलं’ आणि दुसरे ‘अडलं’. बोलताना आपण ती सरमिसळ वापरतो, पण अचलपूरकडच्या एका म्हाताऱ्या दाईने मला त्यांतला फरक एका वाक्यात सांगितला होता. “लांबलं त पोट्टीले धीर द्या लागते, अडलं त गाडी पाहा लागते.” प्रसूतिशास्त्राची पुस्तके मी पुढे अनेक वर्षे आपली आपण वाचत गेले, परिचारिकांना विचारत गेले, तेव्हा कळले की गेल्या सत्तर वर्षांतले या विषयावरचे बरेचसे संशोधन याच एका प्रश्नाभोवती फिरते आहे. लांबलेले आणि अडलेले वेळेवर वेगळे कसे ओळखायचे? आणि गाडी नेमकी कधी बोलवायची?

त्यासाठी आधी आत काय घडते ते पाहू. गर्भाशयमुख, म्हणजे आपल्या बायका ज्याला पिशवीचे तोंड म्हणतात तो भाग, नऊ महिने घट्ट बंद असतो. तो स्नायूचा कमी आणि चिवट तंतूंचा जास्त असतो. लांबी तीन-चार सेंटिमीटर, स्पर्श नाकाच्या शेंड्यासारखा. शेवटच्या आठवड्यांत या तंतूंची वीण सैल होऊ लागते, त्यांच्यात पाणी धरले जाते आणि तो भाग ओठासारखा मऊ होतो. हे काम कळा सुरू होण्याच्या आधीपासून चालते आणि बाईला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो.

मग कळा येतात. बाकीचे स्नायू आखडतात आणि पुन्हा पहिल्या लांबीला जातात. गर्भाशयाच्या वरच्या भागाचा स्नायू मात्र प्रत्येक कळेनंतर थोडासा आखूडच राहतो. त्यामुळे वरचा भाग जाड होत जातो, खालचा पातळ होत वर खेचला जातो, आणि त्याच्याबरोबर पिशवीचे तोंडही. बंद गळ्याचा स्वेटर डोक्यातून घालताना गळ्याची उंच पट्टी आधी डोक्यावर पसरून सपाट होते आणि मगच गळा रुंदावतो, तसे हे आहे. पहिलटकरणीत आधी लांबी संपते आणि नंतर तोंड उघडू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच चालतात. म्हणून पहिल्या बाळंतपणात बाई रात्रभर कळा सोसते, सकाळी तपासणाऱ्या सिस्टर “दोनच बोटं मोकळं आहे” म्हणतात आणि घरच्यांचा चेहरा उतरतो. खरे म्हणजे त्या रात्रीत बरेच काम झालेले असते. सेंटिमीटरच्या मापात ते फक्त दिसत नाही.

प्रसूतीच्या तीन अवस्था पुस्तकांत सापडतात. कळा सुरू झाल्यापासून तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर, उघडेपर्यंत पहिली. तिथून बाळ बाहेर येईपर्यंत दुसरी. आणि वार पडेपर्यंत तिसरी. पहिलीचे पुन्हा दोन भाग आहेत, सुप्त आणि सक्रिय. सुप्त भागात तोंड हळूहळू पाच सेंटिमीटरपर्यंत येते. हा भाग किती तास चालावा याचे कोणतेही प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले नाही, कारण तो बाईगणिक फार बदलतो. सक्रिय भाग पहिलटकरणीत साधारणपणे बारा तासांच्या पुढे जात नाही, नंतरच्या खेपांत दहाच्या पुढे जात नाही. दुसरी अवस्था पहिल्या खेपेला बहुधा तीन तासांच्या आत आणि नंतरच्या खेपेला दोन तासांच्या आत संपते. तिसरीबद्दल इथे एवढेच सांगते, की बाळ जन्मल्यावर लगेच मांडीत दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन रक्तस्राव रोखण्यासाठी असते आणि ते द्यायलाच हवे. याच औषधाचा दुसरा चेहरा पुढे येईल.

आता गतीचा प्रश्न. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी शंभर पहिलटकरणींच्या प्रसूतीची नोंद कागदावर मांडली. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर पिशवीचे तोंड किती उघडले ते. रेघ आधी बराच वेळ जवळपास आडवी गेली, मग चढाला लागली. प्रसूतीची गती पहिल्यांदाच कागदावर डोळ्यांना दिसू लागली. पण आपल्या कामाची गोष्ट घडली ती न्यूयॉर्कमध्ये नव्हे. ती घडली आफ्रिकेत, त्या वेळच्या ऱ्होडेशियाच्या राजधानीत, सॉल्सबरीत. आज तिला हरारे म्हणतात. तिथे फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांपुढचा प्रश्न मेळघाटच्या कुठल्याही वैद्यकीय अधिकाऱ्याला ओळखीचा वाटेल. दूरवरच्या छोट्या दवाखान्यांत फक्त सुईणी-परिचारिका होत्या. शस्त्रक्रिया करू शकणारे रुग्णालय शहरात होते. बाई फार उशिरा पोचायची, किंवा गरज नसताना पाठवली जायची.

१९७२ मध्ये त्यांनी आलेखावर दोन तिरप्या रेषा आखल्या. पहिली सावधानतेची. त्यांच्याकडच्या पहिलटकरणींपैकी सर्वांत सावकाश जाणाऱ्या दहा टक्के बायकांची सरासरी गती ताशी एक सेंटिमीटर निघाली होती, म्हणून ती रेषा त्या गतीने चढते. दुसरी रेषा कृतीची, पहिलीच्या उजवीकडे चार तासांवर. या चार तासांचा उगम बहुतेक प्रशिक्षणांत सांगितला जात नाही. पहिली रेषा ओलांडली की दूरच्या दवाखान्याने बाईला शहराकडे हलवायचे, आणि दुसरी रेषा येईपर्यंत ती मोठ्या रुग्णालयात पोचलेली असायची. म्हणजे या रेषांमध्ये शरीराच्या हिशोबाबरोबर रस्त्याचा हिशोबही आखलेला होता.

हाच कागद पुढे पार्टोग्राफ म्हणून जगभर गेला. इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशियात पस्तीस हजारांवर बायकांच्या प्रसूतींत तो तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. फार लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ वर आले आणि कळा वाढवण्याच्या औषधाचा वापर निम्म्याहून खाली गेला. आपल्याकडे उपकेंद्रातल्या परिचारिकेपासून अमरावतीच्या डफरीन आणि अकोल्याच्या लेडी हार्डिंगपर्यंत (दोन्ही जिल्हा स्त्री रुग्णालये, पण लोकांच्या तोंडी अजून व्हाइसरॉयच्या बायकांचीच नावे आहेत) सर्वांना शिकवला जातो तो याच कुळातला कागद. सरकारी नमुन्यात तो चार सेंटिमीटरला सुरू होतो.

मात्र ताशी एक सेंटिमीटर ही गती हळूहळू सावधगिरीच्या खुणेऐवजी नियम होऊन बसली. जी त्या गतीने उघडली नाही ती ‘प्रगती नाही’ या शेऱ्याखाली आली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांतल्या ६२ हजारांवर बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. या सगळ्यांची प्रसूती खालच्या मार्गाने झालेली होती आणि बाळे सुखरूप होती. त्यांतल्या काहींना चारावरून पाच सेंटिमीटर व्हायलाच सहा तासांहून अधिक, आणि पाचावरून सहा व्हायला तीन तासांहून अधिक वेळ लागला होता. सहानंतर मात्र गती वाढली होती. पुढे नायजेरिया आणि युगांडातल्या अभ्यासातही असेच दिसले, की ताशी एक सेंटिमीटरची रेषा ओलांडणाऱ्या कितीतरी बायका आणि त्यांची बाळे ठणठणीत असतात. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सक्रिय भागाची सुरुवात पाच सेंटिमीटरवर नेली आणि नुसत्या ताशी एक सेंटिमीटरच्या निकषावर हस्तक्षेप करू नये असे सांगितले. २०२० मध्ये नवा कागद आला. त्यात तिरपी रेषा नाही. प्रत्येक सेंटिमीटरला त्याची स्वतःची मुदत आहे. पाचवर सहा तास, सहावर पाच, सातवर तीन, आठवर अडीच आणि नऊवर दोन. मुदत संपली की थांबून विचार करायचा.

हे सगळे एका उदाहरणावर लावून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले आकडे कोणत्याही प्रसूतिगृहात रोज दिसतील असे आहेत. धारणी तालुक्यातल्या आतल्या गावची कोरकू मुलगी, वय एकवीस, पहिली खेप. रात्री दहापासून कळा. पहाटे चारला ती प्राथमिक आरोग्य केंद्रात येते तेव्हा तोंड तीन सेंटिमीटर, दहा मिनिटांत दोन कळा, प्रत्येकी पंचवीस सेकंदांच्या. बाळाचे ठोके १४०. ही सुप्त अवस्था. तिला खाऊपिऊ द्यावे, चालू-फिरू द्यावे, आई किंवा सासू जवळ असू द्यावी आणि ठोके ऐकत राहावेत. इथे औषध देऊन घाई करण्यासारखे काहीच नाही. सकाळी आठला पाच सेंटिमीटर, दहा मिनिटांत तीन कळा, चाळीस सेकंदांच्या. पाण्याची पिशवी शाबूत. आता कागद सुरू. दुपारी बाराला सात सेंटिमीटर.

जुन्या कागदावर बाराला नऊ असायला हवे होते. सावधानतेच्या रेषेच्या ती दोन तास उजवीकडे गेली आहे, आणि सातवरच राहिली तर दोनला कृतीची रेषाही ओलांडेल. नव्या कागदावर सगळे ठीक आहे, सातवर तिला तीनपर्यंत मुदत आहे. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

हा निर्णय सेंटिमीटर एकट्याने देत नाहीत. कागदाच्या उरलेल्या रकान्यांत उत्तर असते आणि तेच बहुधा प्रसूती झाल्यावर एकाच हाताने, एकाच शाईने भरलेले सापडतात. पोटावरून हात लावून बाळाचे डोके किती पंचमांश वर आहे ते पाहतात. चारवरून तीन, तीनवरून दोन असे ते उतरते आहे का? पाणी गेले असेल तर ते स्वच्छ आहे की हिरवट? हिरवट म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे. डोक्याची हाडे एकमेकांना नुसती टेकली आहेत, की एकावर एक चढली आहेत आणि दाबूनही सुटत नाहीत? ठोके ११० ते १६० मध्ये आहेत का, आणि कळ ओसरल्यावर ते खाली राहतात की लगेच सावरतात? आईची नाडी, ताप, लघवी कशी आहे?

समजा डोके तीन पंचमांशावरून दोनवर आले, पाणी स्वच्छ आहे, ठोके १४०. ही लांबलेली प्रसूती आहे. कळांच्या मधल्या विश्रांतीत वारेतून बाळाला पुन्हा रक्त मिळते, आणि कळा विरळ असतील तर ही विश्रांतीही मोठी असते. अशा वेळी सावकाशपणा बाळाला सोसतो. थकते ती आई. मूत्राशय भरलेले असेल तर रिकामे करायला लावायचे, उताणे झोपवून न ठेवता चालवायचे-बसवायचे. उभ्याने राहण्याने पहिली अवस्था सरासरीने तासाभराने कमी होते असे दिसलेले आहे. ही मुलगी दुपारी चारला नऊवर आणि साडेसहाच्या सुमारास बाळंत झालेली असेल.

आता दुसरी शक्यता. बाराला सातच, पण डोके सकाळइतकेच वर. तीनला पुन्हा पाहिले तर अजून सात. कळा दहा मिनिटांत चार, चांगल्या जोराच्या. पाणी गेले ते हिरवट. डोक्याची हाडे एकावर एक चढलेली. इथे इंजिन चालू आहे आणि गाडी हलत नाही. कारण बाळाचे तोंड आईच्या पाठीकडे असण्याऐवजी पोटाकडे असेल, डोके ताठ असेल किंवा कटीचा मार्ग अरुंद असेल. वाढीच्या वयात पोट भरून न मिळालेल्या, ठेंगण्या राहिलेल्या मुलींत हे शेवटचे कारण अधिक आढळते. अडलेले म्हणतात ते हेच.

पुढे काय होते ते पहिलटकरणीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईत वेगवेगळे असते. पहिलटकरणीचे गर्भाशय बहुधा थकते आणि कळा मंदावतात. बाळाचे डोके मात्र तासन्‌तास एकाच जागी मूत्राशयाला हाडावर दाबून धरते, तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि आठवडाभरानंतर ती जागा गळून पडते. लघवी कायमची झिरपू लागते. ‘लघवी झिरपणारी’ म्हणून टाकलेल्या बायका आपल्या आजीच्या पिढीला माहीत होत्या. त्यांचा आजार हा एवढाच होता. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईचे गर्भाशय थकत नाही, ते झुंजत राहते. वरचा भाग जाड, खालचा कागदासारखा पातळ, आणि दोहोंच्या सीमेवर पोटावर बेंबीच्या खाली आडवी खाच दिसू लागते. ती खाच दिसली म्हणजे गर्भाशय फाटायच्या बेतात आहे. “पहिलं नीट झालं, आता काय होते?” हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचे वाटते. बाळ मागच्यापेक्षा मोठे असू शकते, आडवे असू शकते.

आणि अशा वेळी कोणी ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ दिले तर? बाळ जन्मल्यावर आईला वाचवणारे तेच ऑक्सिटोसिन बाळ आत असताना मांडीत टोचले तर परत काढता येत नाही, कमी करता येत नाही. कळांमधली विश्रांती संपते, बाळ गुदमरते, अडलेले गर्भाशय फाटू शकते. द्यायचेच तर ते सलाइनमधून, थेंब मोजून, ठोके सतत ऐकत, आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी. पोटावर जोर देऊन बाळ ढकलण्याची रीतही याच पंक्तीतली. दोन्ही गोष्टी मी खेड्यांत पाहिल्या आहेत आणि दोन्ही घरच्यांच्या आग्रहाने होताना पाहिल्या आहेत.

पुन्हा दुपारी बाराकडे जाऊ. हीच मुलगी डफरीनमध्ये असती तर नव्या कागदाप्रमाणे तीनपर्यंत थांबणे योग्यच होते, कारण सिझेरियनचे टेबल त्याच इमारतीत आहे. अकोटची असती तर अकोला तासा-दीड तासावर, तिथे लेडी हार्डिंग आणि वैद्यकीय महाविद्यालय. पण ती धारणीच्याही पलीकडे आहे. आधी धारणीचे उपजिल्हा रुग्णालय. तिथे त्या वेळी भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघेही हजर असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर हरिसाल, सेमाडोह, घाट, परतवाडा आणि अमरावती, दीडशेच्या आसपास किलोमीटर. पावसाळ्यात सिपनेला पूर आला तर वेळ सांगता येत नाही. तीनला निर्णय घेऊन १०८ बोलावली तर टेबलावर जायला रात्र होते. बाराला फोन केला असता तर तिन्हीसांजेच्या आत.

म्हणून जुना कागद चूक ठरला आणि नवा बरोबर, असे मला म्हणवत नाही. कळा किती वेळ चालू द्याव्यात याबद्दल नवा कागद जास्त खरे सांगतो आणि त्याने कितीतरी बायका विनाकारणच्या सिझेरियनमधून वाचतील, विशेषतः शहरांत, जिथे दोन सेंटिमीटरला भरती करून संध्याकाळी ‘प्रगती नाही’ म्हणतात. पण जुन्या कागदातला रस्त्याचा हिशोब नव्या कागदात छापलेला नाही. तो प्रत्येक केंद्राने आपल्यापुरता मांडायला हवा. माझ्या मते मेळघाटातल्या केंद्राच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या मुदतींच्या शेजारी आणखी एक ओळ असावी. इथून टेबलापर्यंत किती तास, कोरड्या दिवसांत आणि पावसात. ते तास मुदतीतून वजा करायचे. मग सातवरची तीन तासांची मुदत आपोआप शून्यावर येते आणि बाराला, पुन्हा तपासण्याची वाट न पाहता, गाडी सांगितली जाते. वाटेत मोकळी झाली तर झाली.

दुसरा उपाय रस्त्याला आधीच पार करण्याचा. दिवस भरत आलेल्या बाईने केंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहायचे, ही सोय आदिवासी भागांत काही ठिकाणी आहे. घरची शेळी, मोठे लेकरू, मोहाचा किंवा सोयाबीनचा हंगाम सोडून बायका तिथे राहायला नाखूश असतात, ते समजण्यासारखे आहे. पण ठेंगणी मुलगी, पहिली खेप, किंवा आधीचे सिझेरियन असेल तर केंद्राऐवजी थेट धारणी-अचलपूरला शेवटचे दहा दिवस काढणे जास्त शहाणपणाचे. पुढे ज्या घाटातून रात्री जायचे, तो दिवसाउजेडी, कळा नसताना, एस.टी.ने ओलांडता येतो.

घरच्यांनी काय पाहायचे, हे मला अनेक बायका विचारतात. पिशवीचे तोंड त्यांना दिसत नाही. पण पाणी गेले तर त्याचा रंग दिसतो, आणि तो स्वच्छ कापडावर पाहावा. कळ ओसरल्यावर पोट मऊ पडते का, हे हाताला कळते. दोन कळांच्या मध्येही ते दगडासारखेच राहिले किंवा हात लावू देत नसेल तर ते सांगावे. लघवी केव्हा झाली, ती लालसर होती का, हे सांगावे. बेंबीखालची खाच दिसते. आणि सिस्टरला “किती बोटं?” एवढेच विचारून न थांबता, “डोकं खाली आलं का?” हेही विचारावे.

त्या दाईला मी हा सगळा आलेख कागदावर काढून दाखवला होता. तिने तो उलटा धरून पाहिला, रेषांवरून बोट फिरवले आणि विचारले, “याच्यात डोकं उतरलं का नाई, ते कुठी लिवता?” मी तिला रकाना दाखवला.